बातमीदाराला पाठवायचा मेल: पहिली ओळ बातमीची, आधाराला एकच पक्की गोष्ट

जिल्ह्याच्या पेपरच्या कार्यालयात रोज जे मेल येतात, त्यांतल्या बऱ्याच मेलची सुरुवात सारखीच असते: "आपणांस कळविण्यास अत्यंत आनंद होतो की…" किंवा "आमच्या संस्थेची स्थापना…". बातमीदार हे सगळं मोबाइलवर, बहुतेक वेळा कुठल्यातरी कार्यालयाच्या व्हरांड्यात उभं राहून बघत असतो. पहिल्या ओळीत बातमी दिसली नाही की तो पुढच्या मेलकडे वळतो. आतला मजकूर टाकाऊ असतो असं नाही. बातमी तिसऱ्या परिच्छेदात असते आणि तिथवर तो पोचतच नाही.

हा लेख प्रेसनोटबद्दल नाही. प्रेसनोट छापून यावी म्हणून सगळ्यांना एकसारखी पाठवतात. इथे विषय आहे तो एका बातमीदाराला लिहिलेल्या छोट्या मेलचा, ज्याला जनसंपर्काच्या कामात 'पिच' म्हणतात. तो वाचून बातमीदाराने स्वतः यावं, विचारपूस करावी आणि त्याच्या शब्दांत बातमी करावी, एवढाच त्याचा हेतू. त्यासाठी दोन गोष्टी जमाव्या लागतात: पहिल्या ओळीत बातमी, आणि तिला टेकू देणारी एक गोष्ट जी बातमीदाराला स्वतः तपासता येईल.

पूर्ण लेखभर एकच उदाहरण घेऊ. महाराष्ट्रात अहिल्याबाई होळकर योजनेखाली ग्रामीण भागातल्या मुलींना पाचवी ते बारावीपर्यंत शाळेसाठी एसटीचा मोफत पास मिळतो. समजा, चार गावांतल्या मुली सकाळी साडेसहाच्या एसटीने मोठ्या गावातल्या हायस्कूलला जातात आणि ती एसटी वारंवार येत नाही. पालकांनी मिळून हा विषय पेपरपर्यंत न्यायचं ठरवलं आहे. गाव, आकडे, तारखा उदाहरणापुरत्या आहेत. रीत मात्र अशीच असते.

आधी पुरावा, मग पहिली ओळ

नवखा माणूस आधी जोरदार वाक्य लिहितो आणि मग त्याला साजेसा आकडा शोधतो. हे उलटं करा. हातात काय पक्कं आहे ते आधी ठरलं, की पहिली ओळ किती ताणता येते तेही ठरतं.

पालकांच्या तोंडी वाक्य असतं, "एसटी कधीच येत नाही." हे खरं वाटतं, पण ते तपासता येत नाही, आणि एखाद्या दिवशी जरी एसटी आली असेल तरी ते खोटं ठरतं. बातमीदार आगार व्यवस्थापकांना फोन करणारच. ते म्हणतील, "गाडी नियमित आहे, एखाददुसरी फेरी रद्द होते." मग बातमीदाराकडे दोन परस्परविरोधी म्हणणी उरतात आणि बातमी तिथेच थांबते. म्हणून आधार असा हवा, जो आगारालाही नाकारता येणार नाही. असा सगळ्यात चांगला कागद म्हणजे आगाराचाच.

माहिती अधिकार अधिनियम 2005 मध्ये अर्ज मिळाल्यापासून साधारणपणे 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. महाराष्ट्रात अर्जाचं शुल्क 10 रुपये आहे, आणि राज्याच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय, तोही साधारण 150 शब्दांत मांडायचा असतो. या मर्यादेचा त्रास होत नाही, कारण तुम्हाला विचारायचंही एकच आहे. "फेऱ्या का रद्द होतात?" असं विचारू नका. कायद्याने नोंदीत असलेली माहिती मिळते. कारणमीमांसा करून द्यायला माहिती अधिकारी बांधील नसतो. "शाळेच्या गाडीची सविस्तर माहिती मिळावी" असंही लिहू नका, त्याचं उत्तर वेळापत्रकाच्या झेरॉक्सने येतं. असं लिहा: "सकाळी 6.30 वाजताची अमुक ते अमुक ही फेरी 16 जून ते 30 ऑगस्ट या काळात ज्या तारखांना सुटली नाही, त्या तारखांची यादी." फेरी मुक्कामी गाडीची असेल, म्हणजे गाडी रात्री गावातच थांबून सकाळी निघत असेल, तर अर्जात तसं स्पष्ट लिहा. नाहीतर नोंद कुठल्या कागदावर शोधायची यावरूनच घोळ होतो.

समजा, उत्तर आलं आणि यादीत 47 तारखा आहेत. इथे थांबा. 47 हा आकडा मोठा आहे, तो उचलून मेलमध्ये टाकावासा वाटतो. पण 16 जून ते 30 ऑगस्ट हे 76 दिवस होतात आणि त्यात रविवार आहेत, सुट्ट्या आहेत. शाळेचा हजेरीपट काढून प्रत्येक तारीख ताडून बघा. शाळा 61 दिवस भरली असेल आणि यादीतल्या 47 पैकी 9 तारखा सुट्टीच्या असतील, तर मुलींचं नुकसान झालं ते 38 दिवस. तुम्ही 47 लिहिले असते, तर आगारातून पहिलं उत्तर आलं असतं की, "यातल्या नऊ दिवशी शाळाच नव्हती." तेवढ्याने तुमचा पूर्ण कागद संशयास्पद झाला असता आणि बातमीदाराला मान खाली घालावी लागली असती. 61 पैकी 38 हा आकडा छोटा आहे, पण तो हलत नाही.

अजून एक बारकावा. यादी 'सुटली नाही' असं सांगते. 'गावात आली नाही' असं नाही. गाडी आगारातून निघाली पण रस्ता खराब म्हणून अलीकडच्या फाट्यावरूनच वळली, असे दिवस या यादीत नसतील. ते तुमच्या अनुभवात आहेत, कागदात नाहीत. म्हणून मेलमध्ये शब्द कागदाचाच वापरा: "फेरी सुटली नाही." फाट्यावरून वळण्याचा विषय बातमीदार भेटायला आल्यावर सांगा.

माहिती अधिकाराचं उत्तर यायला महिना लागतो. तितका वेळ नसेल तर थांब्यावर स्वतः नोंद ठेवा, पण तिची शिस्त पहिल्या दिवशीच ठरवा. गाडी किती उशिरा आली म्हणजे 'आली नाही' धरायचं? अर्धा तास ठरवला तर शेवटपर्यंत अर्धाच तास. रोज एकाच माणसाने लिहायचं, तारीख आणि वेळ टाकायची, खाली सही. किमान चार आठवडे तरी सलग नोंद असावी. एखादा दिवस चुकला तर ती ओळ कोरी ठेवा, अंदाजाने भरू नका. आणि मेलमध्ये ही नोंद पालकांची आहे हे उघड सांगा. पालकांची नोंद आगाराच्या यादीइतकी भक्कम नसते, तरी 'कधीच येत नाही' यापेक्षा ती कितीतरी वजनदार असते.

एकच आधार का

या टप्प्यावर तुमच्याकडे बरंच काही जमलेलं असतं: गळतीची भीती, दहावीच्या मुलींचे बुडणारे पहिले तास, खासगी वडापला लागणारे पैसे, दोन वर्षांपूर्वी दिलेलं निवेदन, आमदारांचं आश्वासन. हे सगळं एका मेलमध्ये घातलं की बातमीदाराला यातली बातमी कुठली हेच कळत नाही. दुसरं असं की पाच गोष्टींतली एक जरी कच्ची निघाली तरी बाकीच्या चारांवरचा विश्वास उडतो. बातमीदाराकडे तपासायला वेळ थोडा असतो. तो सगळ्यात सोपी गोष्ट आधी तपासतो, आणि नेमकी तीच तुम्ही घाईत लिहिलेली असते.

एक आधार निवडताना तीन प्रश्न विचारा. हा आकडा कुणाच्या कागदातून आला? बातमीदाराला तो अर्ध्या तासात पडताळता येईल का? आणि पहिल्या ओळीतलं विधान नेमकं याच आकड्याने सिद्ध होतं का? तिसरा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा हुकतो. पहिली ओळ एसटी न येण्याबद्दल असते आणि आधाराला योजनेखाली राज्यात किती मुलींना पास मिळाले याचा आकडा दिलेला असतो. आकडा खरा असला तरी तो या विधानाला टेकू देत नाही.

बाकीचं साहित्य फेकू नका. एका फाइलमध्ये तारखेनुसार लावून ठेवा. बातमीदाराने फोन केला की ते कामाला येतं.

पहिली ओळ कशी घडते

आता पहिल्या ओळीकडे येऊ. पहिला खर्डा बहुतेक असा होतो:

"आमच्या परिसरातील विद्यार्थिनींना भेडसावणाऱ्या एसटीच्या समस्येकडे आपले लक्ष वेधू इच्छितो."

यात समस्या आहे एवढंच कळतं. कुठली, कुणाची, किती, काहीच नाही. हे वाक्य रस्ता, पाणी, वीज कशालाही चालेल, आणि जे वाक्य कुठेही चालतं त्यात बातमी नसते. दुसरा प्रयत्न:

"चार गावांतल्या 43 मुलींना शाळेत जायला एसटी मिळत नाही."

हे बरंच बरं झालं. माणसं दिसतात, संख्या आहे. पण एसटी न मिळणं हे बातमीदाराने आठवड्यातून दोनदा ऐकलेलं असतं. या प्रकरणात वेगळं काय आहे? सरकारने या मुलींना प्रवास फुकट केला आहे आणि प्रवासाची गाडीच येत नाही. विसंगती तिथे आहे. बातमीचा जीव बहुतेक वेळा अशा विसंगतीत किंवा बदलात असतो: जे असायला हवं होतं आणि जे आहे, यांच्यातल्या अंतरात. म्हणून:

"चार गावांतल्या 43 शाळकरी मुलींकडे एसटीचा मोफत पास आहे, पण त्यांना शाळेत नेणारी सकाळची एसटी निम्म्याहून जास्त दिवस सुटतच नाही."

ही ओळ वीस-बावीस शब्दांची आहे. याहून फार लांबवू नका. मोठ्याने वाचताना मध्ये श्वास घ्यावा लागला तर वाक्य तोडा. आकड्यांचंही पथ्य पाळा. '61 पैकी 38' हे जाणूनबुजून खालच्या ओळीसाठी ठेवलं आहे, कारण 43, 61 आणि 38 असे तीन आकडे एका वाक्यात आले की वाचणारा अडखळतो. पहिल्या ओळीत माणसांची संख्या, दुसऱ्या ओळीत पुरावा.

43 हा आकडाही तपासलेला हवा. शाळेकडून त्या महिन्याची पासधारक मुलींची यादी मिळवा आणि त्यातल्या याच मार्गाच्या मुली मोजा. मागच्या वर्षीच्या यादीवरून मोजलं तर त्यातल्या काही मुली बारावी होऊन बाहेर पडलेल्या असतात.

ओळ तयार झाली की ती गावाबाहेरच्या, या विषयाशी संबंध नसलेल्या माणसाला वाचून दाखवा. त्याने "मग?" असं विचारलं तर बातमी अजून आत दडलेली आहे. "असं कसं?" असं विचारलं तर ओळ जमली. आणखी एक कसोटी: ओळीतून चार-पाच शब्द काढून मथळा होतो का बघा. "पास हातात, एसटी गायब" हा मथळा इथे सहज निघतो. बातमी डेस्कवर गेल्यावर उपसंपादकाला तो शोधावाच लागतो, आणि तो सुचत असेल तर बातमीला जागा मिळणं सोपं जातं.

विशेषणं मात्र वर्ज्य करा. 'अक्षम्य दुर्लक्ष', 'भोंगळ कारभार', 'मुलींच्या भवितव्याशी खेळ' हे शब्द संताप खरा असल्यामुळेच येतात. तरी ते लिहिले की बातमीदाराला मेल तक्रारअर्जासारखा वाटतो. शिवाय अधिकाऱ्यावर हेत्वारोप करणारा शब्द छापून आला, तर नोटीस पेपरला जाते हे त्याला माहीत असतं, म्हणून तो असा मजकूर हाताळायला कचरतो.

आत्ताच का?

बातमीदाराच्या मनात पुढचा प्रश्न असतो, "हे आजच का छापू?" एसटीचा त्रास जूनपासून आहे आणि मेल ऑक्टोबरात चालला आहे. त्यामुळे तारखेचं निमित्त द्यावं लागतं. प्रथम सत्र परीक्षा जवळ आली असेल तर ते खरंखुरं निमित्त आहे: गाडी आली नाही तर पेपर बुडेल.

इथे एक चूक सर्रास होते. पुरावा 30 ऑगस्टपर्यंतचा, मेल 6 ऑक्टोबरचा. मधल्या पाच आठवड्यांत गाडी नियमित झाली असेल तर? बातमीदार सकाळी थांब्यावर आला आणि समोरून वेळेवर एसटी आली, तर तो तुमच्याकडे पुन्हा फिरकणार नाही. मेल पाठवण्याआधीच्या आठवड्यात रोज गाडी बघा आणि ताज्या, न आलेल्या तारखा एका ओळीत द्या. हा दुसरा पुरावा नव्हे; त्रास अजून चालू आहे एवढंच त्यातून सांगायचं असतं.

कुणाला पाठवायचं

संपादकांच्या नावे पाठवलेला मेल बऱ्याचदा कुणाचाच नसतो. ज्या पेपरची तुमच्या जिल्ह्याची आवृत्ती आहे, तिची पंधरा दिवसांची पानं बघा आणि एसटी व शिक्षण हे विषय कोण लिहितं ते शोधा. मराठी पेपरांत अडचण अशी की पुष्कळ बातम्यांवर नाव नसतंच. 'लोकसत्ता प्रतिनिधी', 'सकाळ वृत्तसेवा', 'लोकमत न्यूज नेटवर्क', 'म. टा. प्रतिनिधी' एवढंच असतं. मग जिल्हा कार्यालयात दुपारी फोन करून विचारा, "एसटी आणि शाळांचे विषय कोण बघतं?" हे विचारण्यात गैर काही नाही. नाव कळलं की त्यांच्या जुन्या बातम्या वाचा. त्यांनी महिन्याभरापूर्वीच याच आगारावर बातमी केली असेल, तर पहिल्या ओळीनंतर तिचा उल्लेख एका वाक्यात करा.

तालुक्याचा वार्ताहर आणि जिल्ह्याचा बातमीदार यांत निवड करायची तर विषयाचा पल्ला बघा. एका गावाचा प्रश्न वार्ताहर उत्तम मांडतो, त्याला आगारातली माणसंही ठाऊक असतात. पण तो वार्ताहर जाहिरातीही गोळा करत असेल आणि बातमीसोबत जाहिरातीचा विषय निघाला, तर तिथेच नम्रपणे दोन्ही वेगळं ठेवा. पैसे किंवा जाहिरात देऊन आलेल्या मजकुराला आगारात कुणी किंमत देत नाही, आणि तुमच्या पुढच्या खऱ्या बातमीलाही तोच डाग लागतो.

एका वेळी एकाच बातमीदाराला पाठवा आणि तसं लिहा. दोन दिवसांची मुदत द्या. मुदत संपल्यावर दुसऱ्याकडे जायला तुम्ही मोकळे. सगळ्यांना एकदम पाठवून प्रत्येकाला "फक्त तुम्हालाच" असं लिहिलं, तर ते दुसऱ्या दिवशी कळतंच, कारण जिल्ह्यातले बातमीदार रोज एकमेकांना भेटत असतात.

पूर्ण मेल

विषय: मोफत पास हातात, पण एसटी नाही, चार गावांतल्या मुलींची शाळा बुडते

"… सर, नमस्कार.

चार गावांतल्या 43 शाळकरी मुलींकडे एसटीचा मोफत पास आहे, पण त्यांना शाळेत नेणारी सकाळची एसटी निम्म्याहून जास्त दिवस सुटतच नाही.

16 जून ते 30 ऑगस्ट या काळात शाळेच्या 61 दिवसांपैकी 38 दिवस 6.30 ची फेरी सुटली नाही. फेरी न सुटलेल्या तारखा आगाराने माहिती अधिकारात दिल्या आहेत. शाळेचे दिवस आम्ही हजेरीपटावरून मोजले. दोन्हींचा तक्ता आणि आगाराच्या उत्तराची प्रत जोडली आहे.

30 सप्टेंबर आणि 3 ऑक्टोबरलाही गाडी आली नाही, ही नोंद आमची. शाळेची परीक्षा 13 ऑक्टोबरला सुरू होते.

दोन पालक नावानिशी बोलायला तयार आहेत. सकाळी 6.15 ला थांब्यावर आलात तर परिस्थिती स्वतः बघता येईल. आगार व्यवस्थापकांना 8 सप्टेंबरला लेखी तक्रार दिली आहे, उत्तर आलेलं नाही.

ही माहिती सध्या फक्त तुम्हाला पाठवली आहे. बुधवारी, 8 ऑक्टोबरला संध्याकाळपर्यंत कळवाल का?

(नाव, गाव, मोबाइल)"

साधारण सव्वाशे शब्दांचा मेल आहे, मोबाइलवर दोनदा बोट फिरवलं की संपतो. यात संस्थेची ओळख नाही, योजनेचा इतिहास नाही. आगाराकडे तक्रार दिल्याची ओळ लहान आहे पण मोलाची, कारण तुम्ही आधी संबंधितांना सांगितलं होतं हे त्यातून कळतं. तक्रारीची पोच हाताशी ठेवा, बातमीदार मागतोच. आगाराची बाजू तुम्ही लिहायची नाही. ती तो स्वतः घेईल. उत्तर आलं असेल तर मात्र लपवू नका. "चालक कमी आहेत असं उत्तर आलं" हे तुम्हीच सांगितलं तर बातमी आणखी पक्की होते.

विषयाच्या ओळीतले पहिले सहा-सात शब्दच मोबाइलवर दिसतात असं धरून चाला. 'विनंती', 'प्रसिद्धीसाठी', 'अत्यंत महत्त्वाचे' यांत ते खर्च करू नका.

मजकूर आणि जोडपत्रं

मजकूर मेलच्या अंगातच, युनिकोडमध्ये टाइप केलेला हवा. लेटरहेडवर टाइप करून काढलेला फोटो पाठवला, तर त्यातला शब्दही कॉपी करता येत नाही. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधली फाइल समोरच्या मोबाइलवर अगम्य चिन्हांची रांग होऊन उघडते, आणि तुमच्या स्वतःच्या संगणकावर ती नीट दिसत असल्यामुळे हे तुम्हाला कळतही नाही. तपासायचा सोपा उपाय: मेल आधी स्वतःच्या मोबाइलवर पाठवा आणि तिथे वाचा.

जोडपत्रं दोनच, आगाराचं उत्तर आणि तारखांचा तक्ता. फाइलच्या नावातच आशय लिहा, नाहीतर 'स्कॅन 001' नावाच्या दहा फाइल त्याच्याकडे आधीच असतात. उत्तराच्या प्रतीवर अर्जदाराचा घरचा पत्ता असतो, तो झाका. फोटो मागितला तर व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान होतो आणि छपाईला कमी पडतो.

मुलींच्या बाबतीत फार जपा. पासवर नाव आणि फोटो असतो, म्हणून पासचा फोटो तसाच पाठवू नका. थांब्यावरचा फोटो पाठमोरा घ्या. एखाद्या मुलीने बोलायचं असेल तर आधी तिच्या पालकांची संमती, आणि ते स्वतः तिथे हजर. सकाळी अंधारात कुठली मुलगी कुठल्या थांब्यावर एकटी उभी असते, हा तपशील नावासकट कधीही बाहेर जाऊ देऊ नका.

शिक्षकांचं नावही घाईने देऊ नका. सरकारी किंवा जिल्हा परिषदेच्या नोकरीतल्यांवर माध्यमांशी बोलण्याबाबत सेवानियमांची बंधनं असतात. मुख्याध्यापकांनी आपुलकीने सांगितलेलं वाक्य त्यांच्या नावाने छापून आलं, तर खुलासा त्यांना द्यावा लागतो. त्यांच्याऐवजी शाळा व्यवस्थापन समितीतले किंवा पालक-शिक्षक संघातले पालक पुढे करा.

पाठवल्यानंतर

सकाळच्या पेपरचा बातमीदार दुपारी बारा ते चार या वेळात त्यातल्या त्यात मोकळा असतो. संध्याकाळी सहानंतर बातम्या द्यायची आणि पानं लावायची घाई असते. तेव्हा आलेला मेल खाली जातो आणि तेव्हा केलेला फोन नकोसा होतो. सोमवारी किंवा मंगळवारी अकराच्या सुमारास मेल पाठवा. विधिमंडळाचं अधिवेशन, निवडणूक, जिल्ह्यात पूर अशा दिवसांत शक्यतो थांबा.

दिलेल्या मुदतीत उत्तर आलं नाही तर एकदाच फोन करा. "मेल वाचलात का?" एवढंच विचारू नका. "आजही गाडी आली नाही" अशी नवी गोष्ट असेल तर ती सांगा, नसेल तर "हा विषय तुम्ही घेणार नसाल तर दुसरीकडे देऊ का?" असं थेट विचारा. नकार आला तर कारण विचारून घ्या. "आमच्याकडे हे आधीच आलं होतं" आणि "यात बातमी दिसत नाही" हे दोन वेगळे नकार आहेत. पहिल्यात पेपर बदला, दुसऱ्यात पहिली ओळ.

मेलमध्ये ज्याचा नंबर दिला आहे, त्याचा फोन त्या दोन दिवसांत उचलला गेलाच पाहिजे. बातमी संध्याकाळी लिहिली जाते आणि नेमका तेव्हाच प्रश्न येतो: यादीतली शेवटची तारीख कोणती, चारही गावं एकाच फेरीवर आहेत का? त्या वेळी फोन लागला नाही तर बातमी दुसऱ्या दिवसावर जाते, आणि दुसऱ्या दिवशी पानावर वेगळ्याच बातम्या असतात. मेल गेल्यानंतर गाडी अचानक नियमित झाली, तरी लगेच कळवा. "तक्रारीनंतर फेरी सुरू" हीसुद्धा बातमी होते. पण ते लपवून जुनाच त्रास छापून आला तर पुढचा खुलासा बातमीदाराला द्यावा लागतो.

बातमी छापून आल्यावर आकडे नीट वाचा. 38 ऐवजी 83 छापलं गेलं असेल, किंवा 43 मुलींऐवजी 43 गावं झाली असतील, तर त्याच सकाळी बातमीदाराला फोन करा आणि बरोबर आकडा लेखी पाठवा. चूक तुमच्या बाजूला झुकणारी असली तरी दुरुस्ती सांगा, कारण आगाराचा खुलासा त्याच आकड्यावर बोट ठेवून येईल. कात्रण जपून ठेवा. त्यानंतर दोन आठवडे रोज सकाळी गाडी सुटली की नाही याची नोंद चालू ठेवा आणि तारखांसकट ती यादी त्याच बातमीदाराला पाठवा. फॉलोअप करायचा की नाही हे त्याला त्यावरून ठरवता येतं.